तणावाची बातमी: ‘दोन गट’ लिहायचं की नाव घ्यायचं? (काल्पनिक उदाहरण, असाइनमेंटसाठी मदत हवी)

केतकी_ज | शुक्रवार, सकाळी १०.०५

नमस्कार मंडळी. मी पुण्यात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीतिमूल्यांच्या पेपरसाठी सरांनी एक कच्ची बातमी दिली आहे आणि ‘सोमवारी छापता येईल अशी करून आणा’ म्हणून सांगितलं आहे. बातमी अशी:

“मिरवणुकीला गालबोट, तुफान दगडफेकीत १२ जखमी. शनिवारी रात्री शांततेत चाललेल्या मिरवणुकीवर विशिष्ट समाजाच्या जमावाने दगडफेक केली. त्याचे तीव्र पडसाद उमटले आणि संतप्त तरुणांनी तीन दुकाने फोडली. पोलिसांनी दंगलीचा गुन्हा दाखल केला असून परिसरात तणावपूर्ण शांतता आहे.”

सोबत एफआयआरची प्रत, रुग्णालयाच्या नोंदवहीतला उतारा, कंट्रोल रूमला आलेल्या दोन फोनची नोंद आणि २२ सेकंदांचा व्हिडिओ आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं आहे. मंडळाचे कार्यकर्ते म्हणतात, गच्चीवरून दगड आले. रहिवासी म्हणतात, आधी सुतळी बॉम्ब प्रार्थनास्थळाच्या आवारात पडला. कोणाचा धर्म कोणता हे कागदांत आहे, पण इथे मुद्दाम लिहीत नाही.

माझा मुख्य प्रश्न ‘विशिष्ट समाज’ या शब्दांबद्दल आहे. हे असंच ठेवायचं, नाव घ्यायचं, की ‘दोन गट’ म्हणायचं? शिवाय पडताळणी नेमकी कुठून सुरू करायची?

---

पेठेतला_वाचक | १०.२२

यात चर्चा कसली? धर्माचं नाव छापणं हा कायद्याने गुन्हा आहे. ‘दोन गट’ लिही आणि मोकळी हो.

---

मुद्रितशोधक | १०.५०

केतकी, मी एकतीस वर्षं मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीची. नावाच्या प्रश्नाकडे नंतर येऊ. तुझ्या कॉपीत त्याहून जास्त पेटवणारे शब्द आहेत आणि ते अगदी सवयीचे असल्यामुळे कोणाला दिसत नाहीत.

‘पडसाद’ घे. दगड पडले ही एक घटना आणि दुकानं फुटली ही दुसरी. दुसरी करणाऱ्या माणसांनी हातात गज घेतला, शटर वाकवलं, काच फोडली. ‘पडसाद उमटले’ म्हटलं की ते करणारं कोणी उरतच नाही, डोंगरावरून आवाज परत यावा तसं ते आपोआप घडल्यासारखं वाटतं. ‘संतप्त तरुण’चंही तेच आहे. संताप हे कारण आपण आपल्या पदरचं घालतो आणि फोडणाऱ्याला अर्धी माफी देऊन टाकतो.

आपल्या शहरातलं उदाहरण २०१४ च्या जूनमधलं आहे. समाजमाध्यमांवर महापुरुषांची विकृत चित्रं फिरली, शहरात दगडफेक झाली आणि हडपसरला नमाजाहून घरी निघालेल्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला मारहाण करून ठार केलं गेलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ‘आक्षेपार्ह पोस्टचे पडसाद, एकाचा मृत्यू’ असं शीर्षक केलं की वाचणाऱ्याच्या मनात ती पोस्ट आणि तो मुलगा एका दोरीत बांधले जातात.

आता कर्ता बघ. तुझ्या कॉपीत ‘विशिष्ट समाजाच्या जमावाने दगडफेक केली’ आहे, म्हणजे एका बाजूला सबंध समाज कर्ता झाला. दुसऱ्या बाजूला फक्त ‘तरुणांनी’. तिथे समाज नाही. लिहिणाऱ्याचा कल या एवढ्या फरकात कळतो, धर्माचं नाव न घेताही.

---

अ‍ॅड_शिवाजीनगर | ११.१०

पेठेतला_वाचक, अर्धं बरोबर आहे. धर्माचं नाव छापल्याने आपोआप गुन्हा होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (जुनं १५३-अ) गटागटांत वैर वाढवण्याबद्दल आहे, ३५३ हे अफवा आणि खोटी माहिती पसरवण्याबद्दल. त्यात हेतू पाहिला जातो. तुम्ही ज्याबद्दल म्हणताय तो प्रेस कौन्सिलचा संकेत आहे. दंगलीतल्या बळींचे धर्मवार आकडे देऊ नका, चिथावणारी शीर्षकं टाळा, खातरजमा करूनच छापा, असं त्यांच्या आचारसंहितेत आहे. कौन्सिल ताकीद देऊ शकते, नापसंती नोंदवू शकते, दंड मात्र करू शकत नाही. टीव्ही तिच्या कक्षेत येतच नाही.

केतकी, ‘दंगलीचा गुन्हा’ हे शब्द जपून वापर. पाच किंवा जास्त लोकांचा बेकायदा जमाव असेल आणि त्यातल्या कोणी हिंसा केली, तर दंगलीचं कलम (१९१) लागतं. पार्किंगवरून दोन कुटुंबांत झालेल्या हाणामारीतही ते लागतं. एफआयआरमध्ये कलम दिसलं म्हणून शीर्षकात ‘दंगल’ आलं, तर वाचणाऱ्यासाठी त्याचा अर्थ भलताच होतो.

---

हर्षल_वाकड | ११.१८

हे कुठल्या चौकात झालं?? माझी बहीण त्या बाजूला राहते. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय, सगळे विचारताहेत. आता परिस्थिती कशी आहे?

---

बेकरीवाली_ताई | ११.२५

माझा अनुभव सांगते, उपयोग झाला तर बघ. काही वर्षांपूर्वी आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर एका चौकात मारामारी झाली. एका वर्तमानपत्राने शीर्षकात आमच्या अख्ख्या भागाचं नाव दिलं. चौकाचं नाव खाली पाचव्या ओळीत, तेही चुकीचं. माझी बेकरी सकाळी सहाला उघडते. त्या दिवशी पाव न्यायला येणारे दोन हॉटेलवाले आले नाहीत, फोन करून ‘ताई, आठवडाभर नको’ म्हणाले. पहिल्या दिवशी एकशेऐंशी लाद्या परत ठेवल्या. शाळेच्या व्हॅनवाल्याने चार दिवस गल्लीत यायला नकार दिला. आमच्या गल्लीत एक खडा पडला नव्हता.

ज्या घरात भीती पोचते त्यांना ‘समाज’ आणि ‘गट’ नंतर दिसतो, आधी जागा दिसते. म्हणून नेमका चौक लिही, नेमकी गल्ली लिही, आणि बाकीचा भाग नेहमीसारखा सुरू असेल तर तेही लिही.

---

केतकी_ज | ११.४०

हर्षलदादा, हे घडलेलं नाही! सरांनी सरावासाठी बनवलेली बातमी आहे. असाइनमेंट असं लिहिलं होतं मी, पण धाग्याच्या शीर्षकात ‘काल्पनिक’ नव्हतं, ही माझी चूक. संपादकांना सांगून शब्द घालून घेतला आहे. कृपया ग्रुपवर लगेच सांगा.

ताई, जागेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. सरांच्या कॉपीत चौकाचं नाव नाहीच, फक्त ‘परिसरात’ आहे.

---

रात्रपाळी | १२.१५

मी एका न्यूज पोर्टलच्या डेस्कवर आहे. पडताळणीबद्दल बोलतो.

आधी १२ जखमींचा आकडा तपास. एफआयआरमध्ये किती नावं आहेत आणि रुग्णालयाच्या नोंदीत किती?

---

केतकी_ज | १२.३१

एफआयआरमध्ये ७, रुग्णालयाच्या नोंदीत ५. अरे! सात आणि पाच बारा. दोन्हींची बेरीज केली आहे.

नावं आणि वयं लावून पाहिली. रुग्णालयातल्या पाचांपैकी चौघं एफआयआरमध्येही आहेत. एकाचं आडनाव दोन ठिकाणी वेगळं लिहिलंय, पण वय ३४ आणि डाव्या भुवईवर तीन टाके हे दोन्हीकडे सारखं आहे. पाचवा पोलीस शिपाई आहे, त्याच्या मनगटाला मार लागलाय. म्हणजे एकूण ८ होतात.

---

रात्रपाळी | १२.४४

बरोबर. असं नेहमी होतं. एक रिपोर्टर पोलीस ठाण्यातून आकडा देतो, दुसरा रुग्णालयातून, आणि डेस्क बेरीज करतं. नाव, वय, जखमेची जागा या तीन गोष्टी लावल्याशिवाय दोन याद्या एकत्र करायच्या नाहीत. आठांत दाखल किती आणि उपचार करून घरी सोडलेले किती, हेही लिही. ‘गंभीर’ हा शब्द डॉक्टरने म्हटला तरच वापर. नुसतं ‘८ जखमी’ आणि ‘८ जखमी, त्यातल्या ७ जणांना प्रथमोपचारानंतर घरी सोडले’ यात वाचणाऱ्याच्या छातीतल्या धडधडीचा फरक आहे.

व्हिडिओत काय दिसतंय? फाइलचं नाव काय?

---

केतकी_ज | १२.५८

नाव `VID-20240917-WA0012.mp4`. म्हणजे १७ सप्टेंबर २०२४ चा, हो ना? पण सरांच्या कागदांवर वेगळी तारीख आहे.

रस्ता कोरडा दिसतोय. रुग्णालयाच्या नोंदीत एका जखमीपुढे ‘ओल्या रस्त्यावर घसरून’ असं लिहिलंय. कडेला ओळीने तीन दुचाकी आहेत, तिन्हींची पाटी एमएच-१३. आवाजात कोणीतरी काहीतरी ओरडतंय, खाली पट्टीवर त्याचा अर्थ लिहून दिलाय.

---

रात्रपाळी | १.२०

फाइलच्या नावातली तारीख व्हिडिओ काढल्याची नसते. व्हॉट्सअ‍ॅप ती स्वतः देतं, फाइल त्या फोनवर आली किंवा तिथून गेली त्या दिवसाची. पाच वर्षं जुना व्हिडिओ आज आला तर नावात आजचीच तारीख पडते. त्यातून ‘या तारखेचा किंवा त्याआधीचा आहे’ एवढंच कळतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना व्हिडिओ दाबला जातो आणि मूळ नोंदी निघून जातात. म्हणून ज्याने शूट केलाय त्याच्या फोनमधली मूळ फाइल मागायची. तो माणूस सापडला नाही, तर वापरायचा नाही.

एमएच-१३ म्हणजे सोलापूर. पुण्यात सोलापूरच्या गाड्या ढिगाने आहेत, त्यामुळे एक गाडी काहीच सिद्ध करत नाही. पण तीनपैकी एकही एमएच-१२ नाही आणि रस्ता कोरडा, हे दोन्ही एकत्र आलं की थांबायचं. दुकानाची पाटी दिसते का बघ, त्यातून चौक सापडतो. मुख्य चौकटी काढून रिव्हर्स सर्च कर.

आवाजाबद्दल थोडं लांबून सांगतो. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाला जमावाने मारलं. त्याच्या व्हिडिओत एक हाक ऐकू येते. ‘शोएब’ असं नाव घेतलंय, असं सांगत तो देशभर फिरला आणि प्रकरणाला धार्मिक रंग चढला. प्रत्यक्षात ते ‘ओये, बस’ होतं. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही असं सांगावं लागलं. मी स्वतः तो व्हिडिओ पहिल्यांदा मथळ्यासकट पाहिला आणि मला ‘शोएब’च ऐकू आलं. खाली लिहिलेलं वाचलं की कान तेच ऐकतो. तेव्हापासून आमच्याकडे पट्टी झाकून, काहीही न सांगता तिघांना वेगवेगळं ऐकवतो. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या तर ती हाक बातमीत येत नाही.

---

चिंतामणी | १.३३

२०१३ ला मुजफ्फरनगरच्या दंगलीच्या वेळीही असाच एक व्हिडिओ तिथलाच म्हणून फिरला होता. तो २०१० चा पाकिस्तानातल्या सियालकोटचा निघाला.

---

साशंक | २.०५

आता मूळ प्रश्नावर येऊ या का? सगळे शब्दांवर बोलताय, पण ‘दोन गट’ ही मला चक्क फसवणूक वाटते. रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर नाव आलेलं असतं. सकाळी पेपरात ‘दोन गट’ वाचून माणूस म्हणतो, हे काहीतरी लपवताहेत, आणि पुन्हा फॉरवर्डकडे वळतो. ‘मिरवणूक’ आणि ‘प्रार्थनास्थळ’ लिहिल्यावर न कळण्यासारखं उरतं काय?

त्याहून महत्त्वाचं. ती तीन दुकानं ओळीतल्या अकरांपैकी नेमकी एकाच समाजाची असतील, तर ‘तीन दुकाने फोडली’ हे अर्धसत्य आहे. निवडून फोडली हीच बातमी आहे.

---

मुद्रितशोधक | ३.१०

साशंक, तुमचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. तो मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. आम्ही ‘दोन गट’च्या शिस्तीत वाढलो. पहिल्या रात्री खरं काय ते कळत नसतं, आणि एका गावात छापलेला धर्मवार आकडा दुसऱ्या गावात हिशेब चुकवायला वापरला जातो, हा त्यामागचा अनुभव होता. पण २००२ मध्ये गुजरातच्या वेळी वाहिन्यांनी नाव घ्यायला सुरुवात केली आणि त्यावर मोठा वाद झाला. तेव्हा मला जाणवलं की एकतर्फी हिंसा असेल तर ‘दोन गट’ म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्यालाही भांडणारा ठरवणं.

म्हणून मी रिपोर्टरला सांगायचो तेच आता केतकीला सांगतो. स्वतः त्या ओळीसमोर उभं राहा. अकरा दुकानांच्या पाट्या वहीत उतरव. कोणती फुटली, कोणती नाही, कोणती त्या वेळी बंद होती. फुटलेल्यांच्या मधलं एखादं दुकान शाबूत असेल तर त्याच्या मालकाशी बोल. तेवढ्यावरून निवड दिसत असेल तर ती लिही, मजकुरात, दुकानदाराच्या तोंडून, त्याच्या संमतीने. शीर्षकात नको. आणि जखमींची विभागणी धर्माने करू नको. त्याचा गुणतक्ता होतो.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी अजूनही तुमच्याशी सहमत नाही. फॉरवर्डने नाव घेतलं म्हणून आपण घ्यायचं, हे पटत नाही.

---

साशंक | ३.२२

मग पहिल्या रात्री वाचकाने कोणावर विश्वास ठेवायचा? पडताळून नाव घेतलेली बातमी नसेल, तर न पडताळलेलीच उरते.

---

मुद्रितशोधक | ३.३०

‘अजून कळलेलं नाही’ हे वाक्यही छापता येतं. आमच्या काळात ते छापायला कोणी तयार नसायचं.

---

हर्षल_वाकड | ३.४१

माफ करा मंडळी. ग्रुपवर ‘खोटं आहे, सरावाची बातमी आहे’ असं टाकलं. पण तोवर चाळीस मिनिटं गेली होती आणि ते आणखी दोन ग्रुपवर पोचलं होतं. त्यातल्या एकावर कोणीतरी ‘किती गेले?’ विचारलं होतं. मी तर कोणी गेल्याचं लिहिलंच नव्हतं. बहिणीने भाच्याला क्लासला पाठवलं नाही. दोन्ही ग्रुपच्या अ‍ॅडमिनना फोन करून खुलासा टाकायला लावला. एकाने टाकला, दुसरा फोन उचलत नाही.

---

बेकरीवाली_ताई | ३.४८

हर्षल, उचलेपर्यंत करत राहा रे बाबा.

---

केतकी_ज | शनिवार, रात्री ९.१५

दोन फोनच्या नोंदींत मला काल रात्री १२ पर्यंत अडकायला झालं. पहिला ९.१२ चा: ‘फटाका आत पडला, भांडण चालू आहे.’ दुसरा ९.१९ चा: ‘दगड येताहेत.’ मी आधी लिहिलं होतं, ‘फटाका पडल्यामुळे दगडफेक झाली.’ मग वाटलं, फोन आला ती वेळ म्हणजे घटना घडली ती वेळ नव्हे. दगड आधी आले असतील आणि फोन नंतर केला असेल. शिवाय फटाका मुद्दाम टाकला की उडून गेला, हे कोणत्याच कागदात नाही. म्हणून ‘मुळे’ काढलं. नवीन मजकूर:

“अमुक चौकात मिरवणुकीदरम्यान हाणामारी, ८ जखमी, ७ जणांना घरी सोडले.

शनिवारी रात्री अमुक चौकात मिरवणुकीदरम्यान झालेल्या हाणामारीत आणि दगडफेकीत एका पोलीस शिपायासह आठ जण जखमी झाले. सात जणांना उपचारानंतर घरी सोडण्यात आले, एकावर रुग्णालयात उपचार सुरू आहेत. पोलीस नियंत्रण कक्षाला ९ वाजून १२ मिनिटांनी पहिला फोन आला, त्यात आवारात फटाका पडल्याचे आणि भांडण सुरू असल्याचे सांगण्यात आले. त्यानंतर लगेच ९ वाजून १९ मिनिटांनी आलेल्या फोनमध्ये दगडफेकीची माहिती होती. सुरुवात कशी झाली याबद्दल मंडळाचे कार्यकर्ते आणि रहिवासी यांचे म्हणणे वेगळे आहे. पोलिसांनी अद्याप निष्कर्ष काढलेला नाही. काही जणांनी चौकातील तीन दुकानांची शटर तोडली. ही दुकाने निवडून फोडली का, याची खातरजमा झालेली नाही. चौकाबाहेरील रस्ते रात्री ११ पासून नेहमीप्रमाणे सुरू आहेत.”

व्हिडिओ वापरला नाही. त्याचं कारण वेगळ्या टिपणात दिलं आहे. कोणाचा धर्म लिहिलेला नाही आणि ‘दोन गट’ही लिहिलेलं नाही.

---

साशंक | ९.४०

‘निवडून फोडली का, याची खातरजमा झालेली नाही’ हे वाक्य वाचल्यावर लोक ‘म्हणजे निवडूनच फोडली’ असं वाचतील. एक तर शोधून लिही, नाहीतर काढ.

---

रात्रपाळी | ९.५२

मी ठेवलं असतं. दुसऱ्या दिवशी रिपोर्टरला तिथे पाठवायला डेस्ककडे लेखी कारण राहतं.

---

बेकरीवाली_ताई | १०.०५

शेवटची ओळ वाचून बरं वाटलं. रस्ते सुरू आहेत हे कुणाला विचारून लिहिलंस, तेही लिही.

---

मुद्रितशोधक | १०.२०

चौथ्या वाक्यात ‘त्यानंतर लगेच’ आहे. ‘मुळे’ काढलंस, पण तेच काम ‘लगेच’ करतंय. ते काढ. वेळा आहेत, सात मिनिटं वाचणारा मोजेल.